एक-तीन की दोन-दोन

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी किलर सुडोकूवाले जमतात. बहुतेक निवृत्त, चहा बिनसाखरेचा. पुण्यातल्या सांघिक स्पर्धेसाठी चौथा गडी हवा होता आणि त्या जागेच्या चाचणीसाठी माझ्या पप्पांना बोर्डासमोर उभं केलं. पप्पा वराळ्याहून येतात, कारखान्यात प्रेस मशीन चालवतात. ती जागा त्यांना इतकी हवी होती, की आदल्या रात्री त्यांनी इस्त्री स्वतः केली.

तिथला नियम असा: प्रत्येक आकडा लिहिताना कारण मोठ्याने सांगायचं, आणि कोडं संपेपर्यंत बघणाऱ्यांनी चूक दाखवायची नाही. वाचताना हे न्याय्यच वाटतं.

पप्पांनी डावीकडचा वरचा, नऊ घरांचा चौकोन घेतला. किलरमध्ये घरांचे पिंजरे असतात, प्रत्येक पिंजऱ्याची बेरीज दिलेली असते आणि एका पिंजऱ्यात आकडा दोनदा येत नाही.

"दोन घरांत सतरा, म्हंजे आठ-नऊ," पप्पा म्हणाले. "तीन घरांत सहा, म्हंजे एक-दोन-तीन. दुसरं काय बसतंच न्हाई."

उरलेले दोन पिंजरे तेरा-तेराचे. प्रत्येकाचं एक घर चौकोनाबाहेर गेलेलं, एकाचं उजवीकडे, एकाचं खाली.

"समदे मिळून एकोणपन्नास. चौकोनाचे, एक ते नऊ मिळून, असतात पंचेचाळीस. म्हंजे भायेरच्या दोन घरांत चार. चार म्हंजे एक आणि तीन."

मंडळाचे अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

"नक्की?"

"व्हय, नक्की."

व्हरांड्यात दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. एका बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मागे बसलेल्या मला वाटलं, खोकला आहे.

नंतर कळलं ते आधी सांगते. पिंजऱ्यात, ओळीत, चौकोनात आकडा दोनदा येत नाही. पण ती बाहेरची दोन घरं वेगवेगळ्या पिंजऱ्यांची होती, आणि त्यांची आडवी ओळ, उभी ओळ, चौकोन, सगळं वेगळं. तिथे दोन आणि दोन चालतं. पिंजऱ्यांच्या जोड्या पाठ करून शिकलेला माणूस हमखास इथेच घसरतो, कारण दोन घरांत चार म्हटलं की जिभेवर एक-तीनच येतं. आणि चटकन उघडही पडत नाही, कारण त्या चौकोनात एक-तीननेही बेरजा जुळत होत्या.

पप्पा पुढे तासभर सोडवत राहिले. ओळींना पंचेचाळीस लावलं, उभ्या रांगांना लावलं, घाम पुसला, प्रत्येक आकड्याचं कारण सांगितलं. कारणं बरोबर होती, पाया चुकलेला होता. लोकांनी पोहे खाल्ले. शेवटच्या ओळीत पाच दोनदा आले तेव्हा पप्पांचा खडू थांबला.

"पहिल्याच चौकोनात चुकलं," अध्यक्ष म्हणाले. "आम्हा सगळ्यांना तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलायचं की, साहेब."

"नियम आहे ना, भाऊ. आणि लगेच सांगितलं असतं, तर माणूस चुकीवर किती वेळ उभा राहतो ते कसं कळलं असतं? आता तुम्हीच सांगा सगळ्यांना, काय चुकलं."

पप्पांना बोर्डासमोर उभं ठेवून ते वदवून घेतलं. पप्पांनी शोधलं आणि सांगितलं, "दोन-दोन." मग कुणीतरी म्हणालं, "वराळ्यात दोनाला दोन चालत नाही वाटतं." हशा पिकला. सभ्य लोकांचा असतो तसा, दात न दाखवता.

मी उठले आणि म्हणाले, की 'नक्की' हा शब्द तुम्ही एकदाच विचारलात, तोही नेमकी चूक झाली तिथे. तुमचा नियम बघणाऱ्यांना गप्प बसवतो आणि तुम्हाला मजा देतो. अध्यक्ष म्हणाले, "बाळ, मोर्चाची पत्रकं छान लिहीत असशील." चौथी जागा त्यांच्या शेजाऱ्याला मिळाली. तो पप्पांहून संथ आहे, पण चहा तिथेच पितो.

पप्पा पुन्हा गेले नाहीत. काही आठवड्यांनी मी घरी कोडं घेऊन बसले. तीन घरांत आठ. मी एक-दोन-पाच लिहिलं. पप्पा शेजारी लसूण सोलत होते.

"नक्की?"

"हो."

ते सोलत राहिले. मी तो डाव अर्धा तास ओढला आणि एका उभ्या ओळीत दोन पाच येऊन अडकले. परत मागे गेले तेव्हा दिसलं: आठ म्हणजे एक-तीन-चारसुद्धा.

"पप्पा, तुम्हाला दिसलं होतं."

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

पप्पांनी लसणाची सालं तळहातावर गोळा केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते हसू मी त्या व्हरांड्यात पाहिलं होतं, दात न दाखवता.

"चुकीवर किती वेळ उभी ऱ्हातीस, बघत व्हतो," ते म्हणाले.