शुद्ध आवाज आणि बावीस मिनिटं

रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका व्हिडिओ स्टुडिओत मी काही वर्षं एडिटिंग करत होते. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, त्यातली एक हार घातलेल्या नवरानवरीच्या फोटोंनी भरलेली. दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर आणि मी. मालकांना एडिटिंगमधल्या दोनच गोष्टी कळत. एक म्हणजे वधूच्या डोळ्यांतून पाणी आलं की चित्र हळू करायचं, आणि दुसरी म्हणजे कुठलीही अडचण आली की "रेंडर मार", म्हणजे कॉम्प्युटरला सगळी फिल्म पुन्हा नव्याने बनवायला लाव. ताप आलेल्या माणसालाही त्यांनी रेंडर मारायला सांगितलं असतं.

त्यांची आणखी एक सवय होती आणि ती गावातल्या सगळ्याच स्टुडिओंची होती. काम पोचतं केलं की मूळ टेप पुसून तिच्यावर पुढचं लग्न घ्यायचं. त्यामुळे आमच्याकडे जुन्या कामांचं काही उरलं असेल तर ते माझ्या हार्ड डिस्कवर, आणि तेही जागा वाचवण्यासाठी दाबून लहान केलेल्या फाइलच्या रूपात.

अशीच एक फाइल होती होडीच्या फिल्मची. खाडीकाठच्या एका मिस्त्रींनी लाकडी मचवा बांधला, तो कण्यापासून पाण्यात लोटेपर्यंत आमच्या कॅमेऱ्याने टिपला होता. फिल्म गावातल्या एका सांस्कृतिक मंडळाची. निवेदनाला तेव्हा कोणी मिळालं नाही म्हणून मिस्त्रीचाचाच बोलले होते. काही ठिकाणी कॅमेऱ्यासमोर, बाकी चित्रावर नुसता त्यांचा आवाज. बावीस मिनिटांची फिल्म, आणि मी त्या स्टुडिओत हात लावलेल्या सगळ्या कामांत मला लाज न वाटणारी ती एकच.

दोन वर्षांनी मंडळाचे अध्यक्ष स्टुडिओत आले. अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या गळ्यात शाल पडल्याशिवाय गावात कुठलाही दिवा लागत नसे असे गृहस्थ. मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून पाहुणे येणार होते, त्यांना फिल्म दाखवायची होती, पण आवाज बदलून. चाचांची भाषा म्हणे गावठी. "नाय" काय, "मधी" काय, पाहुण्यांपुढे हसं होईल. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका निवेदकाकडून नवं निवेदन करवून सीडीवर आणलं होतं. जन्मभर खाडीचं पाणी प्यालेल्या या माणसाला स्वतःच्या गावच्या बोलीची लाज वाटत होती, आणि ती लाज तो अभिरुची म्हणून मिरवत होता. मला त्याची किळस आली. मालक मात्र कानापर्यंत हसले आणि म्हणाले, दोन दिवसांत देतो.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीचाचांची मुलगी आली. अध्यक्षांनी आवाज बदलायला टाकलाय हे तिच्या कानावर गेलं होतं. फिल्म झाल्यानंतर चाचांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा आवाज गेला होता. घरात खुणांवर चालायचं, नाहीतर ते थाळीवर बोटं वाजवून हाक मारायचे. त्या कार्यक्रमाला त्यांना पुढच्या रांगेत बसवणार होते, सत्कारासाठी. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

ती म्हणाली, "ताई, अब्बांचा आवाज दुसरीकडे कुठे नाय. माझ्या पोराला तो आठवत पण नाय. अब्बा रोज विचारतात, हाताने, कधी आहे म्हणून. त्यांना वाटतंय आपलाच आवाज लागणार."

मी तिला फाइलची एक प्रत सीडीवर करून दिली, म्हणजे घरापुरता आवाज वाचला. पण तो माणूस पाचशे लोकांत बसून स्वतःचे ओठ हलताना पाहणार आणि त्यातून पुण्याचा गोळीबंद आवाज ऐकणार, हे त्या सीडीने टळत नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. ती सीडी ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

आता कामाचं सांगते. चित्राला धक्का न लावता आवाज बदलता येतो. एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं, त्यात चित्रासाठी "जसंच्या तसं कॉपी कर" असा पर्याय निवडायचा आणि आवाजासाठी नवी फाइल दाखवायची. मग कॉम्प्युटर चित्र पुन्हा उकलून दाबत बसत नाही, आहे तशी चित्रं उचलतो आणि शेजारी नवा आवाज ठेवतो. रेंडरला तास लागायचे ते काम चहा होईपर्यंत उरकतं. मुख्य म्हणजे चित्राचा कस तोच राहतो. आमची फाइल आधीच एकदा दाबलेली, टेप पुसलेली. पुन्हा दाबलं असतं तर लाकडाच्या रेषा आणि पाण्याची चमक गेलीच म्हणायची.

फक्त जोडण्याआधी दोन्हींची लांबी पाहायची असते. मी पाहिली. चित्र बावीस मिनिटांचं, पुण्याचा आवाज चोवीस मिनिटांचा. निवेदकाने चित्र पाहिलंच नव्हतं. स्टेजवर बोलतात तसा तो बोलला होता, प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबून. "सागराची गाज" या शब्दांवर तर तो इतका थांबला होता की मला वाटलं सीडी अडकली. आणि शेवटची दोन मिनिटं अध्यक्षांचा स्वतःच्या आवाजातला संदेश. त्या सॉफ्टवेअरची मुळातली सवय अशी की चित्र संपलं की उरलेला आवाज कापून टाकायचा. म्हणजे नेमका संदेशच जाणार होता. सेटिंगमध्ये त्यापुढची खूण काढली असती तर आवाज पुढे वाजला असता, पण पडद्यावर शेवटचं चित्र थिजून राहिलं असतं, आणि शेवटच्या चित्रात वाळूत झोपलेलं एक कुत्रं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष काम पाहायला आले तेव्हा मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. कुत्र्यासकट.

मालक लगेच धावले. शेवटी साहेबांचा फोटो दोन मिनिटं लावू, सगळं परत रेंडर मार. मी म्हटलं, चित्र बिघडेल. अध्यक्ष म्हणाले, दाखवा किती बिघडतं. मी एक तुकडा पुन्हा दाबून दाखवला. पाण्याचे चौकोन झाले होते, सागवानाचा चिखल. अध्यक्ष मन लावून पाहत होते. म्हणाले, छान दिसतंय की. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मी तोपर्यंत अनेकदा वापरली होती, पण गाढव असं समोर खुर्चीत बसलेलं प्रथमच पाहिलं.

मग मी दुसरा तुकडा दाबला. मचवा पाण्यात लोटताना नारळ वाढवायला अध्यक्ष पुढे होते, तो. त्यात त्यांचं नाक गालात मिसळलं होतं आणि मिशी एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारत होती. पाण्याची आणि लाकडाची नासाडी झाली तेव्हा कलेत सगळं चालत होतं. मिशीपाशी घोडं अडलं.

"चित्राला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आवाज कापा."

कुठला कापायचा हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. संदेश सोडून कुठलाही, असं उत्तर आलं. मग मी हळूच दुसरी गोष्ट काढली. चाचा कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, ते तुकडे मी आवाज बंद करून लावले आणि त्यावर पुण्याची सीडी वाजवली. म्हाताऱ्याचे ओठ चालताहेत, तोंडातून येताहेत "अथांग सागराची लेकरं". ओठ मिटले तरी लेकरं येतच आहेत. मालकांनासुद्धा हसू आवरेना. मी म्हटलं, सभागृहात हेच होईल आणि लोक फिल्मला हसणार नाहीत, ज्याने ती दाखवली त्याला हसतील. अध्यक्षांनी रुमाल काढून मान पुसली. तेवढ्यापुरता जुनाच आवाज ठेवा, म्हणाले, पण माझा संदेश पूर्ण हवा.

तेवढ्यापुरता! मी तो तेवढा मनसोक्त मोठा केला. जुना आवाज फाइलमधून वेगळा काढला, नव्याबरोबर शेजारी मांडला. सुरुवातीला पुण्याचा थोडा सागर ठेवला, शेवटी अध्यक्ष ठेवले, आणि मधे चाचा. कॅमेऱ्यासमोरचे तर होतेच, पण त्यांच्या आगेमागे नुसत्या चित्रावरचेही, कारण एकाच वाक्यात दोन आवाज कसे चालतील, असं मी मालकांना समजावलं. मालकांना पटलं, कारण त्यांना जेवायला जायचं होतं. तयार झालेला आवाज मी बरोबर चित्राएवढा केला. तरी नुसती लांबी जुळून भागत नाही, मधला तुकडा सरकला तरी बेरीज तीच येते. म्हणून चाचांच्या भागातला सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा हातोडा पाहिला. घाव पडला की ठोका ऐकू आला पाहिजे. आला. मग चित्र जसंच्या तसं ठेवून जोडून टाकलं. पुन्हा माहिती उघडली, दोन्हींपुढे बावीस मिनिटं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुण्याचे पाहुणे उशिरा आले, मग सत्कार झाले, शाली झाल्या. चाचांनाही शाल मिळाली. ते नातवाला शेजारी घेऊन पुढे बसले होते. मागे मुलगी. मी बाजूला प्रोजेक्टरपाशी होते. अध्यक्ष माइक हातात घेऊन पहिल्याच रांगेत, चाचांच्या दुसऱ्या बाजूला. माइक त्यांनी सत्कारापासून सोडलाच नव्हता.

पुण्याचा सागर झाला. मग चाचांचा आवाज आला.

"ह्या फळीच्या नि त्या फळीच्या मधी कापूस भरायचा, घट्ट. ढिला ऱ्हायला तर दर्या वाट बघीत नाय."

नातवाने पडद्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. चाचा पडद्यावरच्या आपल्याबरोबर ओठ हलवत होते, एकही शब्द न चुकता. मागे मुलीने तोंडाला ओढणी लावली होती.

आणि अध्यक्षांना राहवेना. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि चाचांच्या आवाजावर आपला आवाज चढवला. मिस्त्री सांगताहेत की, पाहुण्यांना कळावं म्हणून सांगतो, आमच्याकडे या भाषेत असं म्हणतात की. चोवीस मिनिटांची बावीस करायला मी जिवाचं रान केलं होतं, आणि या माणसाने फुकटचा आणखी एक आवाज आणून बसवला होता. संदेश पूर्ण मिळूनसुद्धा त्याचं पोट भरलं नव्हतं. मी माइकची वायर ओढायला उठणार होते.

त्याआधी चाचांचा हात बाजूला गेला. हातोड्याने घट्टे पडलेला तो हात त्यांनी माइकवर ठेवला, पुरता झाकला आणि खाली अध्यक्षांच्या मांडीवर दाबून धरला. अध्यक्षांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नजर पडद्यावर, ओठ चालू.

स्पीकरमधून एकदा खरखर आली आणि थांबली. त्यानंतर सभागृहात एकच आवाज होता. अध्यक्षांचा संदेश लागला तेव्हाही चाचांनी हात काढला नाही. शेवटी कुत्रं दिसलं, दिवे लागले, आणि नातवाने विचारलं, परत लावाल काय.

मी परत लावली.