डांबरासारखी काळी

माझं पोट आमच्या मोहर्ली गावात प्रसिद्ध आहे. दोन घास खाल्ले की टम्म, वर जळजळ, वर ढेकर. तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून आतून पाहिलं. जखम नाही, अल्सर नाही, सगळं स्वच्छ. दुखणं खोटं नाही, ते म्हणाले, पोट हळवं झालंय आणि त्याची चाल बिघडलीय. गोळी घ्या, थोडंथोडं खा. मग बजावलं की वजन आपोआप उतरलं, घास अडकायला लागला, उलट्या थांबेनात, रक्त कमी निघालं किंवा संडास काळी झाली, तर लगेच या. पन्नाशीनंतर नव्यानं पोट दुखायला लागलं तर तेही अंगावर काढू नका. यातलं पहिलं अर्धं मी गावभर सांगत फिरलो. दुसरं अर्धं दवाखान्याच्या फाटकातच विसरलो.

या उन्हाळ्यात बायकोच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा घरचा डॉक्टर मीच. तिची पन्नाशी उलटलेली. मोहफुलं वेचून वेचून गुडघे गेलेले, त्यासाठी दुकानातली दुखण्याची गोळी रोज, तीही उपाशीपोटी. मी माझ्या डब्यातली पोटाची गोळी काढून दिली. माझ्यासारखंच हाय, म्हटलं, गॅस हाय. उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं, कमी निघालं. तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चंद्रपूरला दाखवून घ्या म्हणाली. मी म्हटलं, सफारीचा सीझन संपू द्या.

त्या दिवशी सकाळी मी जंगलाच्या गेटवर कामाला निघालो तर ती दाराला टेकून उभी.

"कालपासून संडास डांबरासारखी काळी होऊन राह्यली. चिकट. वास बी लय. चक्कर येते मले."

बुटाची नाडी बांधता बांधता मी म्हणालो, "लोहाच्या गोळीनं काळी होतेच."

आणि होतेही. तेच तर वाईट झालं. अर्धवट शहाणपण होतं ना माझ्याजवळ, अडाण्यानं निदान घाबरून डॉक्टर तरी गाठला असता.

मी सफारीचा गाइड. आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो, जिप्सीतून खाली उतरायची मनाई. तासाभरानं रस्त्याच्या कडेला वाघाची ताजी विष्ठा दिसली. काळीकुट्ट, चिकट, चमकणारी. मागच्या पाहुण्या बाईंनी विचारलं, इतकी काळी कशी? हे मी हजारदा सांगितलंय, तोंडपाठ आहे. म्हटलं, ताजी शिकार आहे मॅडम. मांसाबरोबर रक्त पोटात गेलं, की ते पचून असं डांबरासारखं काळं बाहेर पडतं.

बोललो आणि सकाळचे बायकोचे शब्द आठवले. तिनं कुठं शिकार खाल्ली होती? तिच्या पोटात रक्त आलं कुठून?

ड्रायव्हरला म्हटलं, गाडी फिरव, घरी काहीतरी झालंय. तेवढ्यात समोरच्या वळणावर वाघीण येऊन रस्त्यातच बसली. मागं बघता बघता जिप्सींची रांग लागली. पुढं जाता येईना, मागं घेता येईना, खाली उतरता येईना. पाहुणे खुशीत कॅमेरे रोखून बसलेले. नशीब काढलंत तुम्ही, म्हणाले मला. मी हसलो. वय किती, पिल्लं किती, सगळं सांगत होतो आणि अंगातून घाम निथळत होता. घरी बायकोचं रक्त वाहतंय आणि मी इथं वाघिणीची जांभई समजावून सांगतोय! बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाघाचा राग आला. ऊठ बाई, मनात म्हणत होतो, ऊठ गं माय. पाऊण तासानं ती उठली, तीही सावकाश, आळस देत.

गेटवर फोन सुरू केला तर शेजारणीचे सात मिस्ड कॉल. बायको न्हाणीत पडली होती. पाहुण्यांना उतरवून त्याच जिप्सीत तिला घातलं. चंद्रपूर येईस्तोवर तिचा हात माझ्या हातात गार होत चालला होता.

आधी रक्त चढवलं, मग दुर्बीण घातली. जठरात अल्सर, त्यातून रक्त वाहत होतं. दुर्बिणीतूनच सुई देऊन, चिमटा लावून ते थांबवलं. दुखण्याच्या गोळ्यांनी जखम झाली असावी, पोटातला जंतूही तपासू, डॉक्टर म्हणाले. जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. लोहानं संडास काळी होते, पण अशी चिकट, घाण वासाची नाही. माझं आणि तिचं दुखणं वरून सारखंच वाटणार, म्हणाले, नुसत्या दुखण्यावरून फरक कळत नाही, म्हणून तर बाकीच्या खुणा विचारायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी ती जरा बोलायला लागली. डॉक्टरांनी तिला मायेनं दटावलं, बाई, काळी संडास झाली तेव्हाच कोणाला सांगायचं नाही का?

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "ह्यायलेच सांगतलं होतं."

मी अजून गाइडच्या खाकी कपड्यांतच होतो.