घडीचा आवाज

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते. डोळ्यांना दिसत नाही, हे त्यानंतर सांगते.

कांदिवलीच्या ऑफिसात माझे प्रोबेशनचे सहा महिने संपत आले होते. कोड लिहिताना स्क्रीन रीडर मला ओळी वाचून दाखवतो. शिवाय कोड लिहायचा एडिटर आवाजाने खुणा करतो. कर्सर चूक असलेल्या ओळीवर गेला की एक आवाज. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे प्रोग्राम मुद्दाम थांबवायच्या जागी, दुसरा. आणि कोडचा तुकडा घडी घालून एका ओळीत मिटलेला असेल, तर तिसरा, उचकीसारखा.

शेजारचा सहकारी बोरीवलीचा, तोंडाने फटकळ. त्याच्याबरोबर काम करताना मी स्पीकर लावायचे. एकदा तो म्हणाला, "तुझ्या मशीनला उचकी लागलीय गं, पाणी पाज ना!" सगळे हसले, मीही हसले. आणि मुकाट्याने घडीचा आवाज बंद केला. डोकं गहाण ठेवलं होतं, दुसरं काय!

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये पेशंटला एकाच अपॉइंटमेंटचे दोन मेसेज जायला लागले. साहेब म्हणाले, "जेवणाआधी शोधून दे. दुपारी तुला कायम करायचं की नाही, ते ठरवतोय." मी खालच्या बाणाने ओळ न ओळ ऐकली.

"सर, मेसेज पाठवायचा भाग या फाइलमध्ये नाहीच."

"नाही कसा? माझ्या स्क्रीनवर समोर दिसतोय की!"

माझे कान तापले. पुन्हा खाली आले, या वेळी ओळींचे नंबर विचारत. एक्केचाळीसनंतर थेट अठ्ठ्याहत्तर! मी शेजारी वळले. "माझ्या मशीनला हात लावलास का रे?"

"अगं, सकाळी तू चहाला गेलीस तेव्हा बघत होतो. लांबलचक होतं म्हणून मिटलं. वाट लागली का?"

"लागली होती."

आवाज चालू केला. एक्केचाळीसवर गेले, खूण वाजली. घडी उघडली, मेसेज पाठवायच्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला आणि एकच अपॉइंटमेंट देऊन प्रोग्राम चालवला. थांबल्याचा आवाज आला. पुढे सोडला, तर त्याच ओळीवर पुन्हा आला! पाठवायची ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत राहिली होती. डॉक्टर आणि खोली, अशा दोन नोंदींसाठी दोनदा चालत होती. बाहेर काढली. मेसेज एकच गेला.

दुपारी साहेबांनी कायम केल्याचं सांगितलं. वर, घडीचा आवाज का बंद होता ते ऐकून म्हणाले, "ते आवाज स्पीकरवर राहू देत."

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचं अर्धं आयुष्य गिरणीत मागावर गेलेलं. ते रागावलेच. "आवाज बंद केलंस? मागाचो आवाज बदललो की आमी आदी माग थांबवू, मगे बघू. लोक हसतंत म्हणून कोण कान झाकता?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून तीच उचकी ऐकू आली.

"काय रे, तुझ्याही मशीनला?"

"गप गं," तो म्हणाला, "मलाही घड्या दिसत नाहीत."