सासूबाईंचं दही आणि माझे जंतू

लग्न होऊन मी कलकत्त्यात बेहालाच्या घरी आले तेव्हा तिथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. सुनेच्या नोकरीबद्दल सासूबाईंची तक्रार नव्हती. पण एका रात्री जेवताना त्यांनी कौतुकानं विचारलं, "आज काय शिकवलंस गं?" आणि मी दहीभात कालवत सांगून टाकलं, "दह्यातले जंतू."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "कुठल्या दह्यातले?"

"सगळ्याच. ह्यातलेसुद्धा. चमच्याभर दह्यात कोट्यवधी असतात."

"जिवंत?"

"चांगले खुटखुटीत," मी म्हटलं. गप्प बसणं मला कधीच जमलं नाही.

त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुतला. सकाळी विरजणाची वाटी घासूनपुसून पालथी पडली होती. दही बंद, ताक बंद, कढी बंद. ज्या दह्यासाठी कलकत्त्यातली निम्मी मराठी मंडळी आमच्याकडे वाट वाकडी करून यायची, ते दही संपलं.

पहिली विकेट पडली मामंजींची. ताकाशिवाय सासऱ्यांना जेवणाचा शेवट माहीतच नव्हता आणि वैशाख असा तापला होता की बंगाली शेजारीसुद्धा घामाला शिव्या देत होते. दोन दिवस त्यांनी धीर धरला. मग मिठाईच्या दुकानातून मातीच्या मडक्यातलं मिष्टी दोई आणलं, त्यात पाणी, मीठ, आलं घालून रवीनं घुसळलं आणि वर हिंगजिऱ्याची फोडणी दिली. बंगालमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसानं दह्यात साखर असते हे विसरावं! एक घोट घेऊन ते बराच वेळ देवाच्या फोटोकडे बघत राहिले.

"सूनबाई," शेवटी म्हणाले, "जंतू तू घरात आणलेस, आता तूच निस्तर."

मडक्यात थोडं दोई उरलं होतं. दुपारी मी दूध उकळून कोमट केलं आणि दोन वाट्यांत ओतलं. एका वाटीत चमचाभर दोई तसंच घातलं. दुसरीत घालायचं दोई आधी खळखळून उकळलं, निववलं आणि मग घातलं. सासूबाई दारात उभ्या राहून, आपण बघतच नाही असं दाखवत बघत होत्या.

संध्याकाळी पहिली वाटी घट्ट लागली होती. दुसरीत दूधच होतं.

"उकळल्यावर जंतू मेले," मी म्हटलं. "दुधात मुळात साखर असते. जंतू ती खातात आणि तिचं आम्ल करतात. आम्ल पुरेसं झालं की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दूध थिजतं. म्हणून दही दुधापेक्षा कमी गोड आणि आंबट लागतं. फार वेळ ठेवलं तर ते आम्ल करतच राहतात. मग दात आंबतात आणि पाणी सुटतं. दह्यातले जंतू म्हणजे काही पाप नव्हे, सासूबाई. फोडणीचं ताक प्यायलेल्या माणसाला विचारा, पाप कशाला म्हणतात ते."

आतून मामंजी खोकले.

सासूबाई हसल्या नाहीत. ओट्याला टेकून त्या दह्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सोवळ्याओवळ्यावर प्रवचन होणार. मी उत्तरं जुळवत होते.

"म्हणजे एवढी वर्षं," त्या हळू म्हणाल्या, "लोक म्हणायचे, तुमच्या हातचं दही म्हणजे काय सांगावं! ते माझ्या हातचं नव्हतंच होय गं?"

मी जुळवलेली सगळी उत्तरं फुकट गेली. ह्या बाईला आता विटाळाची चिंता नव्हती. मी तिचं नाव काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं आणि मी शिक्षिका असल्यामुळे त्याहून जास्त स्वतःचा रागही आला, कारण माझं उत्तर अर्धंच होतं.

"ते जंतू शेजारच्या काकूंकडेही आहेत," मी म्हटलं. "त्यांचं दही कसं असतं?"

"चिंचेचं पाणी," सासूबाई तत्काळ म्हणाल्या. "कढत दुधात विरजण टाकते. मग लागत नाही, म्हणून आणखी टाकते. आणि लागलेलं दिवसभर तसंच उकाड्यात ठेवते. दर तासाला हलवून बघते, ते वेगळंच. कवडी मोडणार नाही तर काय!"

"मग दूध किती कोमट, विरजण किती, कधी गार पाण्यात भांडं ठेवायचं, हे जंतूंना कोण सांगतं?"

त्यांनी घट्ट दह्याच्या वाटीत चमचा घातला, कवडी अलगद कापली आणि चाखली. डोळे मिटले, उघडले.

"तू लावलंस ना?" त्या म्हणाल्या. "फार आंबवलंस."

मग बाकीचं दही त्यांनी माझ्यासमोर सगळं खाल्लं. फक्त तळाशी एक चमचा राखला, आणि मला दूध तापवायला सांगितलं.