टेबल धरून पाचशे बेचाळीस

आमच्या सामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे घनफूटराव म्हणतात. घरोघर जाऊन सामान मोजायचं आणि किती मोठा ट्रक लागेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. ट्रक भरणाऱ्या माणसांचा मुकादम मी. त्यामुळे त्यांचा आकडा चुकला, तर रस्त्यावर उरलेलं कपाट घेऊन बोंबलत बसायची पाळी माझी. पण वीस वर्षांत ती कधी आली नाही. म्हणूनच या माणसाचा तोरा मी मुकाट्याने सहन करतो. एकदा दिलेला आकडा ते बदलत नसत.

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायला आला होता. त्याच्या घरची गल्ली अरुंद. चौदा फुटी ट्रकच आत जाणार, आणि त्यात मावतं पाचशे चार घनफूट.

"काका, आकडा सांगा. बसेल ते नेऊ, बाकीचं उद्या सकाळी जुनं फर्निचर घेणारा नेईल," मुलगा म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं, फक्त घाईत होतं.

घनफूटरावांनी टेप काढली. कपाट, पलंग, फ्रिज, प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार. मोठं खोकं साडेचार घनफुटांचं, पुस्तकांचं लहान दीडचं. खोकी बोटाने मोजली. शेवटी कापड बेतायचं टेबल: सात फूट लांब, साडेतीन रुंद, तीन उंच. साडेत्र्याहत्तर.

"पाय निघतात का?"

"नाही. सरसाने कायमचे बसवलेत," बाई म्हणाल्या. "त्यावर अजून ब्लाउज बेतते मी."

बेरीज झाली. सामान नीट रचलं तरी मध्ये फटी राहतातच, म्हणून त्यात पंधरा टक्के मिळवले. "टेबल धरून पाचशे बेचाळीस. अडतीस जास्त. टेबल सोडलं तर आरामात."

"मग टेबल राहू दे," मुलगा म्हणाला.

बाईंनी टेबलावरची खडूची पूड हाताने पुसली. मला फार वाईट वाटलं. पण मी कोण? आकड्यापुढे मुकादमाचं काय चालतं?

दुपारी ऑफिसात घनफूटराव डबा उघडा टाकून कागदाकडे बघत बसले होते. प्रत्येक खोलीचा ते लहानसा नकाशा काढतात आणि कुठलं खोकं कुठे आहे, ते चौकोनाने दाखवतात.

"मुकादम, इकडे या. टेबलाच्या चौकोनात हे काय आहे?"

"आठ चौकोन. मोठी खोकी. बाईंनी टेबलाखाली सरकवून ठेवली होती ना."

"आणि मी काय केलं? टेबल जमिनीपर्यंत भरीव धरलं. शिवाय ही आठ खोकी वेगळी मोजली. एकच जागा दोनदा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आठ साडेचार छत्तीस. छत्तीस घनफूट हवा नेत होतो मी."

बेरजेतून छत्तीस गेले, फटींचे पंधरा टक्के पुन्हा मिळवले. पाचशे एक! तीनच घनफूट शिल्लक.

"फोन करा," मी म्हटलं.

"फोनवर कसली चूक कबूल करायची? चला."

डबा तसाच राहिला. त्या माणसाला बाईंच्या घरचा जिना चढताना धाप लागत होती. दार मुलाने उघडलं. "चूक माझी आहे. टेबल बसतंय. फर्निचरवाल्याला नको म्हणा," घनफूटराव एका दमात म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि उद्याची धास्तीही. तीन घनफूट म्हणजे काय? एखादं खोकं आडवं पडलं की संपलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरायला ते स्वतः आले. याआधी कधीच येत नसत. कपाटं केबिनकडच्या भिंतीला लावली, मग टेबल पायांवर उभं ठेवलं, पोटात आठ खोकी जशीच्या तशी, वरच्या फटीत उशा. मी माणसांवर एवढा खेकसलो की माझा घसा बसला. शेवटची गादी दाबून आत घातली, दोघांनी दार रेटलं आणि कडी लागली. घनफूटराव तिथेच फुटपाथवर मटकन बसले.

बाई रडत होत्या. मुलगा गोंधळून म्हणाला, "आई, टेबल इतकं हवं होतं तर काल बोलली का नाहीस?"

"तू काकांना विचारलंस, बसतं का," बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मला कुठे विचारलंस, हवंय का?"