पट्टी एक, तोंडं दोन

आमचा जुन्नरला फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग नवरा करतो, मिक्सिंग मी. लग्नसराई संपली की हातावर हात धरून बसायचं, म्हणून त्यानं यूट्यूबवर लाइव्ह गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. कोट घालून प्रश्न तो विचारणार आणि पडद्यामागं ओबीएस, म्हणजे लाइव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर, सांभाळून शिव्या मी खाणार. घरातही तसंच आहे म्हणा.

त्या दिवशी शेजारच्या गावच्या नव्या सरपंचबाई येणार होत्या. मी त्यांचा सीन, म्हणजे त्या बोलताना पडद्यावर दिसायची मांडणी, आदल्या दिवशीच लावून ठेवला. खाली भगवी पट्टी, त्यावर त्यांचं नाव, नावाखाली 'सरपंच'. एका सीनवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काहीतरी दिसावं, म्हणून लग्नाच्या सीडीतली गुलाबपाकळ्यांची क्लिप घातली. तिच्यात शेवटी दोन बदाम एकमेकांवर आपटतात, हे मी साफ विसरले.

बाई आल्या त्या नवऱ्यासकट. माइक लावताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "ताई, मला फक्त वरच्या वाडीच्या पाण्याचं बोलायचंय. टाकी बांधून झाली, पण पायपाच आल्या न्हाईत. बाया लई लांबून पाणी वाहत्यात. तेवढं बोलू द्या, बाकी हेच बोलतील."

'हे' तोवर दुसऱ्या खुर्चीत बसले होते. मिशीला पीळ देत म्हणाले, "माझी पट्टी कुठंय? लिवा. युवा नेते, सामाजिक कार्यकर्ते, सरपंच प्रतिनिधी."

"एवढं मावणार नाही, भाऊ."

"अक्षर बारीक करा की, राव!"

लाइव्हला पाचेक मिनिटं उरलेली. नवा सीन कुठून बनवू? बाईंच्या सीनवर राइट क्लिक करून डुप्लिकेट केला. कॅमेरा एकच, सगळ्यांना टिपणारा; त्याचं चित्र या सीनपुरतं सरकवून भाऊंच्या तोंडावर आणलं आणि पट्टीवरचं नाव बदललं. झालं काम.

कार्यक्रम सुरू झाला. माझ्या नवऱ्यानं बाईंना पहिला प्रश्न विचारला, मी त्यांचा सीन लावला. पाकळ्या उधळल्या, बदाम आपटले आणि बाईंच्या तोंडाखाली झळकलं भाऊंचं नाव. युवा नेते!

कमेंट धडाधड पडायला लागल्या. "भाऊ, मिशी कधी काढली?" "भाऊ, साडी झ्याक दिसतीय!"

बाईंनी समोरच्या मॉनिटरवर पट्टीवरचं नाव वाचलं आणि तोंड मिटलं. उत्तर भाऊंनीच देऊन टाकलं. पाण्याचं नाही, गावच्या कमानीचं. बाई पदराशी चाळा करत बसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःवर, मग त्या कमानीवर.

घाईघाईत मी माझ्या नवऱ्याच्या सीनवर गेले, बाईंचा टेक्स्ट उघडला आणि नाव पुन्हा लिहिलं. खाली 'सरपंच'. मग बोलत्या भाऊंकडं गेले. पाकळ्या, बदाम आणि त्या मिशीखाली बाईंचं नाव!

"वहिनींना मिशा फुटल्या!" कमेंटवाल्यांना तर ऊतच आला.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. सीन डुप्लिकेट केला, तरी आतला टेक्स्ट तोच राहतो. जागा वेगळी ठेवता येते, पण नाव इथं बदललं की तिथंही बदलतं. दोघांना मिळून माझ्याकडं पट्टी एकच होती. वेगळी करायची, तर टेक्स्ट कॉपी करून 'पेस्ट डुप्लिकेट'नं त्याची वेगळी प्रत घ्यायची आणि जुना काढून टाकायचा. मिनिटभराचं काम.

मी नाही केलं. मुद्दाम नाही केलं, जा!

भाऊंनी मोबाइलवर कमेंट वाचल्या. कान लालभडक झाले. मला खुणा केल्या, मी डोकं खाजवत मशीन बिघडल्याचा आव आणला. तोंड उघडलं की मी त्यांच्यावर जाणार आणि खाली बायकोचं नाव येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथून पुढं भाऊ बसले गप्प, हाताची घडी घालून.

माझ्या नवऱ्याला काही कळेना, पण प्रश्न त्यानं बरोबर बाईंकडं वळवला. मी त्यांचा सीन लावला. बाईंनी मॉनिटरकडं बघितलं. तोंड त्यांचं, नाव त्यांचं, खाली सरपंच. खुर्चीत सावरून बसल्या आणि सुरू झाल्या. टाकी कधी झाली, पायपा कुठं अडल्या, कुणी किती वेळा उद्या या म्हणून सांगितलं, सगळं धाडधाड. माझा नवरा पुढचा प्रश्नच विसरला. मला तर रडूच आलं. कमेंटमधली थट्टाही बंद झाली, वरच्या वाडीतल्या बाया लिहायला लागल्या होत्या.

लाइव्ह संपलं तसे भाऊ माझ्यावर धावून आले. "माझ्या तोंडाखाली बाईमाणसाचं नाव! तो भाग आत्ताच्या आत्ता कापून टाका."

बाई माइक काढत होत्या. मला म्हणाल्या, "कापू नका, ताई. आजवर माझ्या तोंडाखाली ह्यांचंच नाव व्हतं, ते मी कधी कापा म्हणलं व्हतं का?"