चौथं अक्षर

कमलम्माला वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, असा सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या बऱ्याच लोकांचा समज होता. माझाही होता. अठ्ठ्याहत्तर साली मी तिथं एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो. करकंबचा मॅट्रिक नापास, पण इंग्रजी डबा हातात घेतला की मान अशी हलवायचो, जणू कंपनीनं मलाच विचारून छापलंय.

कमलम्मा आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा मागावर, आणि ती स्वतः पहाटेपासून सुताच्या कांड्या भरायची. आयुष्य सुतात गेलेलं, त्यामुळे कापड बोटांनी वाचायची. तिचा नातू आठ महिन्यांचा. गालांवर, मांड्यांत सारखं लाल पुरळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईचं दूध चालू दे, पण गाईम्हशीचं थेंबभरही नको, डब्यातलंसुद्धा नको. पोराचं वजन वाढेना, म्हणून ती वरच्या खाण्याचा डबा आणि तयार लंगोट घ्यायला आली.

लंगोटांच्या दोन पुड्या मी पुढे ठेवल्या. एकीवर सुवासिक लिहिलं होतं, आत प्लास्टिकचं अस्तर. ती बाजूला काढा म्हणालो. वासाची वस्तू नाजूक कातडीला नको, एवढं मला ठाऊक होतं. दुसरीतलं कापड तिनं चिमटीत धरलं.

"ह्यात खळ हाय की. चार पाण्यानं धुवायला लागंल. आता डबे वाचा, अण्णा."

'गुटगुटीत'वर दुधाची भुकटी स्पष्ट लिहिलेली, तो परत फळीवर गेला. 'शिशुसाथी'वर तांदळाचं पीठ, साखर आणि पुढे एक शब्द: डब्ल्यू, एच, ई आणि वाय. व्हे. हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. पण 'व्हीट' म्हणजे गहू मला येत होता आणि त्याची पहिली तीन अक्षरं हीच. गव्हाचाच कुणीतरी चुलत भाऊ असणार. काउंटरवर चार गिऱ्हाइकं बघत होती. मालक आत होते, विचारता आलं असतं. पण 'मला माहीत नाही' म्हणायला माझी जीभ वळली नाही.

"गहू हाय, अम्मा. बिनघोर द्या."

आठवड्यानं ती पोराला घेऊनच आली. गाल सोललेले, पोटावरही पुरळ, पोर खाजवून खाजवून किरकिरत होतं. मला त्याच वेळी शंका आली होती. तरी मी विचारलं, "घरात कुणी दूध पाजलं असंल. सून ऐकती का तुमचं?"

कमलम्मानं पोराला पदरात गुंडाळलं आणि ती निघाली. नंतर कळलं, तिनं घरी जाऊन सुनेला, शालनला, नको नको ते बोलून घेतलं. ती पोरगी दोन दिवस जेवली नाही, आणि डबा चालूच राहिला. माझी मान वाचावी म्हणून मी एका लेकुरवाळीवर आळ घेतला. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

शेवटी शालननंच डबा उचलून डॉक्टरांपुढे नेला. डॉक्टर म्हणाले, दूध फाटल्यावर चोथा गाळून जी निवळी उरते, ती म्हणजे व्हे. दूधच ते. हे मला गल्लीतून कळलं. त्यानंतर कमलम्मा दिसली की मी आतल्या फळ्या पुसायला लागायचो. वाटायचं, येईल आणि चार माणसांत माझे वाभाडे काढील. काढायलाच हवे होते.

ती आली ती संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना. पदराखालून तिनं जुन्या धोतराचा तुकडा काढला. त्यावर लाल दोऱ्यानं इंग्रजी अक्षरं भरली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले तीन शब्द, दूध, दुधातलं केसीन आणि निवळी, तिनं नक्षी उतरवावी तसे टाका मोजून उतरवले होते. खाली हिरव्या दोऱ्यात आणखी एक होता, गव्हाचा.

"तीन अक्षरं सारखी हायती," निवळीवरून गव्हावर बोट फिरवत ती म्हणाली. "चौथ्याला बेचकी असली तर दूध. घडवंची असली तर गहू. चुकतंय माणूस."

तिची बेचकी म्हणजे वाय, घडवंची म्हणजे ए. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकांना काहीच कळलं नाही. मी 'शिशुसाथी'शेजारचा नवा डबा घेतला आणि सवयीनं घसा खाकरला.

"तुमी वाचू नका, अण्णा," ती हळूच म्हणाली. "नुसता डबा धरा. हात हलवू नका."

मी डबा धरला. ती तुकडा लेबलाला लावून एकेक अक्षर ताडून बघत होती, आणि भरल्या दुकानात मी तो दोन्ही हातांनी तसाच धरून उभा होतो.